फांदी कुठे थांबवायची?

ओपनस्कॅडमध्ये माऊसने काहीही काढता येत नाही. थ्रीडी आराखडे करण्याचं हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात एका बाजूला मजकूर लिहायचा आणि दुसऱ्या बाजूला त्या मजकुराची आकृती पाहायची. ‘इतक्या त्रिज्येचा गोल, त्यावर इतक्या उंचीवर दुसरा गोल’ असं लिहीत गेलं की वस्तू तयार होते, आणि ती थ्रीडी प्रिंटरकडे पाठवता येते. नट-बोल्ट, खोके, कंस यांसाठी लोक ते वापरतात. पण याच सॉफ्टवेअरमध्ये दहा-पंधरा ओळींत एक अख्खं झाडही उभं राहतं, आणि चुकीचा एक आकडा घातला तर तेच झाड संगणकाला रात्रभर अडकवून ठेवतं.

झाड इतक्या थोड्या ओळींत मावतं ते त्याच्या व्याख्येमुळे. झाड म्हणजे एक दांडा आणि त्याच्या टोकाला तीन लहान झाडं. त्या प्रत्येक लहान झाडाचीही हीच व्याख्या. आज्ञेने स्वतःलाच पुन्हा बोलावण्याच्या या रीतीला प्रोग्रामर रिकर्शन म्हणतात. तिच्यातून निघणाऱ्या आकृतीत भाग हा पूर्णाचीच छोटी प्रत असतो, म्हणून तिला फ्रॅक्टल म्हणायचं. प्रश्न एकच उरतो, आणि सगळी मेख तिथेच आहे: हे बोलावणं थांबवायचं कधी?

प्रत्येक टोकाला तीन फांद्या धरल्या तर एका पातळीला नुसता बुंधा, दोन पातळ्यांना चार दांडे, तीनला तेरा, चारला चाळीस, पाचला १२१. सहाव्या पातळीला ३६४, सातव्या पातळीला १,०९३ आणि आठव्या पातळीला ३,२८०. एक पातळी वाढवली की काम तिप्पट होतं. नवशिक्याला पाच पातळ्यांचं झाड जरा विरळ वाटतं, म्हणून तो पाचाच्या जागी आठ लिहितो. बदल एका अंकाचा, पण काम सत्तावीसपट.

बहुतेक ठिकाणी असं झाड शिकवताना पातळ्यांची संख्या आधीच ठरवून देतात आणि दर पातळीला ती एकने कमी करत नेतात. मला ही रीत पटत नाही. पाच का, सात का नाही, याला तिच्यात उत्तरच नसतं. आवडेल तितका आकडा घालायचा आणि संगणक दमला की कमी करायचा, एवढंच. त्यापेक्षा फांदीची जाडी विचारावी. आपल्याला झाड छापायचं असेल, तर ज्या जाडीखाली प्रिंटर फांदी नीट काढू शकत नाही तिथेच ती थांबली पाहिजे. मग पातळ्या आपोआप ठरतात.

त्यासाठी फांदी किती वेगाने बारीक होते ते माहीत हवं. लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत नोंदवलं आहे की झाडाच्या कुठल्याही उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी बुंध्याइतकीच भरते. म्हणजे कापलेल्या तोंडांच्या क्षेत्रफळाची बेरीज कायम राहते. २०११ मध्ये क्रिस्तोफ एलुआ या भौतिकशास्त्रज्ञाने हा नियम वाऱ्याच्या ताणाशी जोडून दाखवला: फांद्या अशा बारीक होत गेल्या तर वाऱ्याने मोडण्याचा धोका झाडभर सारखा वाटला जातो. आपल्या कामापुरता अर्थ साधा आहे. क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गावर चालतं, म्हणून तीन फांद्या फुटत असतील तर प्रत्येकीची त्रिज्या आधीच्या त्रिज्येला तीनच्या वर्गमुळाने भागून येते, साधारण ०.५८ पट. दोन फांद्या असतील तर दोनचं वर्गमूळ घ्यायचं.

आता हिशोब करू. बुंध्याची त्रिज्या ६ मिलिमीटर घेतली तर पुढच्या पातळ्यांच्या त्रिज्या ३.४६, २, १.१५, ०.६७ आणि मग ०.३८ अशा येतात. घरगुती प्रिंटरच्या नोझलचं भोक बहुधा ०.४ मिलिमीटरचं असतं. एक मिलिमीटरपेक्षा बारीक उभी काडी त्यातून निघते खरी, पण आधार सोलून काढताना ती हातात येते. म्हणून किमान त्रिज्या अर्धा मिलिमीटर ठेवू. ०.६७ चालतं, ०.३८ चालत नाही. म्हणजे पाच पातळ्या आणि १२१ फांद्या. सहावी पातळी छापून टिकायचीच नव्हती. तिच्या २४३ काड्यांसाठी संगणकाला राबवण्यात अर्थ नाही.

हे लिहायचं असं:

```
k = 1/sqrt(3);
r_min = 0.5;

module fandi(l, r) {
  if (r >= r_min) {
    fn = max(6, round(4*r));
    hull() {
      sphere(r, $fn=fn);
      translate([0,0,l]) sphere(r*k, $fn=fn);
    }
    translate([0,0,l])
      for (a = [0,120,240])
        rotate([32,0,a]) fandi(l*0.72, r*k);
  }
}

fandi(30, 6);
translate([0,0,-6]) cylinder(h=6, r=16, $fn=48);
```

`fandi` ही आपली आज्ञा. `l` म्हणजे लांबी, `r` म्हणजे त्रिज्या. `if` ची ओळ हा ब्रेक: त्रिज्या किमानापेक्षा कमी झाली की आज्ञा काहीही न करता परत फिरते. `hull` दोन गोलांवर ताणून कातडं चढवावं तसा त्यांना एकाच निमुळत्या दांड्यात बांधतं. त्यानंतर दांड्याच्या टोकाशी जाऊन तीन दिशांना, ३२ अंश कलवून, हीच आज्ञा लहान मापं देऊन पुन्हा बोलावली आहे. शेवटची ओळ पायाची चकती. बुंध्याच्या तळचा अर्धगोल जमिनीखाली जातो, तो ६ मिलिमीटर जाडीच्या या चकतीत गडप होतो. त्यामुळे तळ सपाट करायला वेगळी काटछाट लागत नाही.

साधा सिलिंडर न घेता गोल घेण्याला कारण आहे. कललेला सिलिंडर सरळ सिलिंडरवर ठेवला की सांध्याच्या बाहेरच्या अंगाला पाचरीसारखी फट राहते. कधी दोन आकार नुसत्या एका कडेवर टेकतात, आणि मग फाइल बाहेर काढताना वस्तू बंदिस्त नाही अशी तक्रार येते. इथे आधीची फांदी ज्या गोलात संपते, त्याच मध्यावर, तेवढ्याच त्रिज्येच्या गोलातून पुढची सुरू होते. त्यामुळे फट राहत नाही.

ब्रेक विसरला, किंवा `r_min` शून्य ठेवलं, तर काय होतं? आज्ञा पहिल्याच फांदीत खोल खोल उतरत जाते आणि थोड्याच वेळात `Recursion detected calling module 'fandi'` असा लाल शेरा येतो. ही चूक परवडली, कारण ती लगेच कळते. खरा घात होतो तो ब्रेक असतो पण फार खाली लावलेला असतो तेव्हा. `r_min` ०.१ केलं तर आठ पातळ्या, ३,२८० फांद्या. ०.०१ केलं तर बारा पातळ्या आणि दोन लाख पासष्ट हजारांहून जास्त फांद्या. बारा ही खोली ओपनस्कॅडला मुळीच जास्त नाही, त्यामुळे तक्रार येत नाही. खालची पट्टी नुसती सरकत राहते, आणि माणूस ‘होईल आता’ म्हणत बसून राहतो.

यावर एक छान तोड आहे. झाड बांधण्याआधी फांद्या मोजून घ्यायच्या.

```
function mojani(r) =
  r < r_min ? 0 : 1 + 3*mojani(r*k);

echo(mojani(6));
assert(mojani(6) < 1500);
```

ही मोजणीही स्वतःलाच बोलावते, पण तीनदा नाही, एकदाच. आलेल्या उत्तराला ती तीनने गुणते. म्हणून बारा पातळ्यांच्या झाडाची गणती करायला तिला बाराच पावलं लागतात. आपल्या झाडासाठी कन्सोलमध्ये `ECHO: 121` उमटतं. फांद्या दीड हजारांवर जाणार असतील तर `assert` तिथेच काम थांबवतं. या दोन ओळी झाडाच्या आज्ञेच्या वर लिहाव्यात.

फांद्यांची संख्या आवरली तरी अर्धंच काम होतं. दुसरा खर्च प्रत्येक फांदीच्या गुळगुळीतपणाचा. ओपनस्कॅडमध्ये खरा गोल नसतोच. असतात त्या सपाट पैलूंच्या आकृत्या, आणि किती पैलू पाडायचे ते `$fn` ठरवतं. पुष्कळ जण फाइलच्या माथ्यावर `$fn=100` लिहून मोकळे होतात. सिलिंडरला ते फारसं महागात पडत नाही: शंभर कोपरे वर, शंभर खाली. गोलाचं तसं नाही. गोल एकावर एक रचलेल्या कड्यांनी बनतो, आणि `$fn` शंभर असेल तर अशी पन्नास कडी, प्रत्येक कड्यावर शंभर कोपरे, एकूण पाच हजार. आपल्या प्रत्येक फांदीत दोन अर्धगोल उरतात, म्हणजे ढोबळमानाने एका गोलाइतके कोपरे. १२१ फांद्यांचे झाले सहा लाखांच्या वर. त्यातल्या ८१ फांद्या तर काडेपेटीतल्या काडीहूनही बारीक. तिच्यावरचे शंभर पैलू नोझलला दिसणारही नाहीत.

म्हणून वरच्या मजकुरात `fn` त्रिज्येवरून काढला आहे. बुंध्याला २४ पैलू, दुसऱ्या पातळीला १४, तिसरीला ८, आणि त्यापुढे सहाच. त्याच हिशोबाने आता सगळ्या झाडाचे कोपरे तीन हजारांच्या आत बसतात. दोनशेपटींहून जास्त फरक, आणि छापलेल्या झाडात तो डोळ्यांना दिसत नाही. एक खबरदारी मात्र घ्यायची. सहा पैलूंची काडी कोपऱ्यांवर १.३३ मिलिमीटर भरली तरी सपाट अंगांमध्ये १.१५च भरते. किमान जाडी अगदी काठावर ठेवली असेल तर हा फरक नडतो.

आता वेळेकडे येऊ. ओपनस्कॅडमध्ये पाहण्याच्या दोन पद्धती आहेत. F5 दाबलं की आकार नुसते पडद्यावर एकत्र रंगवले जातात. F6 दाबलं की त्यांचा खरोखर एकजीव ठोकळा केला जातो: कुठल्या पैलूने कुठला पैलू कापला, आतला कुठला भाग गाळायचा, हे सगळं ठरतं. प्रिंटरसाठीची फाइल यातूनच निघते, आणि वेळ इथेच जातो. २०२१ सालच्या २०२१.०१ या आवृत्तीत हे काम सीगॅल नावाच्या गणिती संचाकडे आहे. तो दशांशांची काटछाट करत नाही, सगळ्या संख्या अचूक अपूर्णांकांत सांभाळतो. त्यामुळे उत्तर पक्कं येतं, पण फांदीवर फांदी कलत गेली की ते अपूर्णांक लांबलचक होत जातात आणि गती मंदावते. झाडासारखी आत-आत वळत जाणारी आकृती म्हणजे सीगॅलचं दुखरं अंगच.

२०२३ पासून विकसन-आवृत्त्यांमध्ये मॅनिफोल्ड नावाचं दुसरं इंजिन आलं. एमेट लालीश यांनी लिहिलेलं हे इंजिन साध्या दशांश संख्यांवर चालतं आणि काम प्रोसेसरच्या अनेक गाभ्यांत वाटून देतं. जिथे सीगॅल मिनिटं घेतं तिथे हे बहुधा सेकंदांत आटोपतं. सेटिंगमध्ये इंजिन बदलता येतं, किंवा कमांड लाइनवर `--backend=manifold` लिहायचं. हे हाताशी असेल तर वापरावंच. पण तिपटीचा हिशोब ते बदलत नाही. इंजिन सत्तावीसपट वेगवान निघालं तर तीन पातळ्या जास्त मिळतात, बस.

याहून जास्त उपयोगी, आणि फार कमी लोकांच्या लक्षात येणारी गोष्ट म्हणजे ओपनस्कॅडची आठवण. एकदा मोजलेला आकार ते कॅशमध्ये ठेवतं, आणि अगदी तसाच मजकूर पुन्हा आला तर नव्याने मोजत नाही. आपल्या झाडात एका पातळीवरच्या सगळ्या फांद्यांची लांबी आणि त्रिज्या सारखीच आहे. कल वेगळा असतो, पण तो बाहेरून लावलेला. आतलं उपझाड तेच. म्हणून १२१ फांद्यांच्या या झाडात खरोखर वेगळी अशी उपझाडं पाचच आहेत. प्रत्येक एकदाच मोजायचं, मग तयार प्रत फिरवून जोडायची.

पण असं झाड फारच शिस्तीत दिसतं, म्हणून पुढचा मोह होतो तो `rands` वापरून प्रत्येक फांदीचा कल आणि लांबी थोडी मागेपुढे करण्याचा. झाड जिवंत दिसायला लागतं खरं, पण आता १२१ फांद्यांतली एकही दुसरीसारखी नाही, आणि कॅश निकामी होतो. त्यात `rands` ला चौथा आकडा, म्हणजे बीजसंख्या, दिला नाही तर दर वेळी वेगळं झाड येतं आणि आधीचं काहीच कामी येत नाही. बीजसंख्या दिली की निदान तेच झाड पुन्हा मिळतं.

मी मधला मार्ग घेतो. यादृच्छिकता सोडायची आणि तीन फांद्यांना तीन वेगळे कल द्यायचे:

```
for (b = [[18,0],[30,110],[36,235]])
  rotate([b[0],0,b[1]]) fandi(l*0.72, r*k);
```

उपझाडाची मापं सारखीच राहतात, म्हणून कॅश चालतो. पण कल १८, ३० आणि ३६ अंशांचे आणि दिशा समान अंतरावर नसलेल्या. त्यामुळे झाडाचं एक अंग भरतं, दुसरं विरळ राहतं, आणि ते पातळी-पातळीला वेगळ्या दिशेला. तीन सारख्या उपझाडांपासून बनलंय हे सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही.

यात आणखी एक दोष आपोआप जातो. पहिल्या मजकुरात सगळ्या फांद्या ३२ अंशांनी कलतात. शून्य अंशाच्या दिशेची फांदी दर पातळीला त्याच बाजूला कलत जाते, तिचे कल सरळ मिळवले जातात. चार वेळा बत्तीस म्हणजे १२८ अंश. नव्वदच्या पुढे गेलेली फांदी जमिनीकडे तोंड करून लोंबते. पडद्यावर वरून पाहताना हे लक्षात येत नाही. बाजूचं दृश्य घ्यावं लागतं. इतर दोन दिशांच्या फांद्या दर वेळी वळण घेतात, त्यांचे कल असे सरळ मिळत नाहीत. म्हणून सगळ्यांत कमी कल, १८ अंश, शून्य दिशेला ठेवला आहे. तिची साखळी ७२ अंशांवर थांबते.

रोजच्या कामात एक ओळ फार वेळ वाचवते:

```
r_min = $preview ? 1.5 : 0.5;
```

F5 ने पाहताना `$preview` खरं असतं, तेव्हा किमान त्रिज्या दीड मिलिमीटर धरली जाते आणि तीनच पातळ्या, तेरा फांद्या दिसतात. कल आणि लांबीचं गुणोत्तर जुळवायला तेवढ्या पुरतात. F6 दाबलं की पूर्ण झाड. हे इथे महत्त्वाचं ठरतं, कारण `hull` चं गणित F5 ला सुद्धा करावंच लागतं. ते नुसतं रंगवून भागत नाही.

F6 संपल्यावर कन्सोल न वाचता पुढे जाऊ नये. सीगॅल वापरत असाल तर तिथे `Simple: yes` आणि `Volumes: 2` दिसायला हवं. पहिल्याचा अर्थ पृष्ठभाग नीट बंदिस्त आहे. दुसऱ्यातला एक खंड म्हणजे झाडाबाहेरची सगळी मोकळी जागा आणि दुसरा म्हणजे झाड. तीन किंवा जास्त आले तर एखादी फांदी तुटून हवेत तरंगते आहे, किंवा आत पोकळी अडकली आहे. शेजारीच `Total rendering time` असतो. पातळी वाढवण्याआधी तो आकडा तीनने गुणून पाहावा.

एसटीएल फाइल स्लायसरमध्ये उघडली की थरांचं दृश्य तळापासून वरपर्यंत सरकवून पाहायचं. रेघेच्या रुंदीपेक्षा बारीक भाग स्लायसर गुपचूप गाळतो. मूळ आराखड्यात असलेली काडी इथे गायब असेल तर `r_min` वाढवायला हवं. ७२ अंश कललेल्या फांदीला खालून आधार लागणारच. त्यासाठी स्लायसरमधले ट्री सपोर्ट निवडावेत. तेही खालून वर फांद्या फुटत येतात, पण कुठे थांबायचं हे त्यांचं त्यांनाच ठरवता येतं, आणि छापून झाल्यावर ते चिमट्याने शेंड्याकडून खाली असे सोलायचे.